गिव्हअवेचं चॅनेल खरं की खोटं? वय, व्हिडिओ आणि टिक कशी वाचायची

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जे दोनदा-तीनदा झालं ते इथे थोडं आवरून घेतलंय.)

शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या खोलीतून बोलतोय. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, खिडकी लावली की इथे बसवत नाही.

आजचा विषय माझ्या चुलत बहिणीमुळे निघाला. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, मला फोन लागलाय गिव्हअवेमध्ये. कुरिअरचे 999 भरले मी, आता ते इन्शुरन्सचे 2,499 मागायला लागलेत. भरू का?"

मी विचारलं, "चॅनेल बघितलंस का नीट?"

तर म्हणाली, "बघितलं की! 2013 पासनं आहे चॅनेल. दोन लाखांवर सबस्क्रायबर आहेत. खोटं असतं तर एवढी वर्षं टिकलं असतं का?"

आता गंमत बघा. तिने आंधळेपणाने पैसे भरले नव्हते. तिने तपासलं होतं. "चॅनेल कधीचं आहे ते बघा, सबस्क्रायबर बघा" हे तिने कुठेतरी ऐकलं होतं आणि ती तसंच वागली होती. तरी ती फसली. म्हणून आज आपण फक्त "काय बघायचं" एवढ्यावर थांबणार नाही. जे दिसतं त्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, ते बघूया. तीनच गोष्टी घेऊ: चॅनेलचं वय, त्यावरचे व्हिडिओ आणि नावापुढची टिक. सगळं यूट्यूबबद्दल.

आधी एक खरी गोष्ट, मुंबईची

सप्टेंबर 2024. रणवीर अलाहाबादिया, म्हणजे बीअरबायसेप्स, याची दोन चॅनेल्स एका रात्रीत हॅक झाली. मुंबईचा माणूस, लाखोंनी सबस्क्रायबर, कित्येक वर्षांचे पॉडकास्ट. चॅनेल उघडलं तर हँडलच्या जागी `@Elon.trump.tesla_live2024` असं काहीतरी. दुसऱ्या चॅनेलवर `@Tesla.event.trump_2024`. जुने एपिसोड गायब, आणि त्यांच्या जागी इलॉन मस्क आणि ट्रम्प यांचे जुनेच व्हिडिओ लाइव्ह म्हणून चालू.

त्याच्या काही दिवस आधी, 20 सप्टेंबरला, आपल्या सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब चॅनेल हॅक झालं होतं. जिथे घटनापीठाच्या सुनावण्या लाइव्ह दिसतात, तिथे रिपल या अमेरिकन कंपनीच्या नावाने XRP या क्रिप्टोचा व्हिडिओ दिसायला लागला. डिसेंबर 2022 मध्ये तन्मय भटच्या चॅनेलचं नाव असंच बदलून टेस्ला झालं होतं. मार्च 2023 मध्ये कॅनडाच्या लायनस टेक टिप्सचंही तेच झालं, आणि ते तर टेक्नॉलॉजीचंच चॅनेल!

असल्या लाइव्हमध्ये नेहमीचा मामला असा असतो: मोठ्या माणसाचा चेहरा, बाजूला एक क्यूआर कोड, आणि वचन असं की तुम्ही जेवढं पाठवाल त्याच्या दुप्पट परत मिळेल. गिव्हअवेच म्हणायचं ते.

आता विचार करा. या सगळ्या चॅनेल्सचं वय बघितलं असतं तर? जुनं. सबस्क्रायबर? लाखोंनी. म्हणजे माझ्या बहिणीच्या दोन्ही कसोट्यांवर ही चॅनेल्स पास झाली असती.

गुजरीतलं उदाहरण घेऊ. चाळीस वर्षांची सोनाराची पेढी आहे. रात्री कुणीतरी कुलूप तोडलं, बोर्ड बदलला आणि सकाळी गल्ल्यावर भलताच माणूस येऊन बसला. दुकान जुनंच आहे. विश्वास ठेवायचा तो मात्र गल्ल्यावरच्या माणसावर, आणि तो कालच आलाय. यूट्यूबवर नेमकं हेच होतं, फक्त बोर्ड बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

कुलूप तुटतं कसं?

बऱ्याच जणांना वाटतं, एवढ्या मोठ्या लोकांचा पासवर्ड काय 12345 होता का? नाही. लायनसने नंतर स्वतःच व्हिडिओ करून सांगितलं की त्यांच्या टीममधल्या एकाने स्पॉन्सरशिपच्या मेलमधली फाइल उघडली. वरवर पीडीएफ वाटणारी ती फाइल म्हणजे मालवेअर होतं. त्याने ब्राउझरमधला सेशन उचलला.

सेशन म्हणजे काय? जत्रेतल्या पाळण्यात एकदा तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात ना, तसं. तुम्ही एकदा लॉगिन केलं, पासवर्ड दिला, ओटीपी दिला, की ब्राउझरला एक शिक्का मिळतो. पुढे प्रत्येक वेळी तो शिक्काच दाखवला जातो. चोराने तोच शिक्का उचलला तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. गूगलने 2021 मध्येच सांगितलं होतं की यूट्यूबर्सना असे खोट्या स्पॉन्सरचे मेल पाठवून त्यांची चॅनेल्स पळवली जातात.

चोराला जुनं चॅनेलच का हवं, हे आता लक्षात आलं असेल. नवं चॅनेल काढलं तर शून्य सबस्क्रायबर, कोण बघणार? जुनं पळवलं की पहिल्या मिनिटाला दोन लाख लोकांपर्यंत पोहोच, आणि वर "2013 पासून" हे सर्टिफिकेट फुकटात.

पहिली खूण: वय

फोनवर चॅनेलच्या नावावर टॅप करा. चॅनेलचं पान उघडतं. नावाखाली हँडल, सबस्क्रायबर आणि व्हिडिओंची संख्या दिसते. त्याखाली वर्णनाच्या दोन ओळी असतात, त्यावर टॅप केलं की पूर्ण माहिती उघडते. तिथे खाली `Joined` आणि तारीख असते.

ही तारीख चॅनेल कधी काढलं ते सांगते. आज ते कुणाच्या हातात आहे, ते सांगत नाही. बस्स, एवढंच डोक्यात पक्कं ठेवायचं.

म्हणून वय ही एकतर्फी कसोटी आहे. चॅनेल नवं निघालं तर त्यातून बरंच कळतं. मोठ्या मोबाइल कंपनीच्या नावाचं चॅनेल तीन आठवड्यांपूर्वीचं असेल तर विषय संपला, कारण ती कंपनी काय तीन आठवड्यांपूर्वी यूट्यूबवर आली नाही. पण चॅनेल जुनं निघालं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पुढे बघायचं.

वय सगळ्यात जास्त कामाला येतं ते कमेंटमध्ये. तुम्ही एखाद्या खऱ्या यूट्यूबरच्या व्हिडिओवर कमेंट केली आणि लगेच त्याच्याच नावाने, त्याच्याच फोटोने रिप्लाय आला की "अभिनंदन, तुम्ही जिंकलात, टेलिग्रामवर मेसेज करा", तर त्या नावावर टॅप करा. बहुतेक वेळा दिसतं काय? याच महिन्यात काढलेलं चॅनेल, एकही व्हिडिओ नाही. शिवाय चॅनेलचा मालक स्वतःच्या व्हिडिओवर कमेंट करतो तेव्हा यूट्यूब त्याचं नाव वेगळ्या रंगाच्या पट्टीत दाखवतं. नकली रिप्लायला ती पट्टी नसते. पूर्वी असे बहुरूपी सबस्क्रायबरचा आकडा लपवायचे. जुलै 2022 पासून यूट्यूबने आकडा लपवायची सोयच काढून टाकली, त्यामुळे आता "14 सबस्क्रायबर" हे लगेच दिसतं.

दुसरी खूण: व्हिडिओ

माझ्या मते तिन्हींमध्ये ही सगळ्यात भरवशाची खूण आहे, कारण इतिहास पळवता येत नाही. चोर एकतर जुने व्हिडिओ ठेवतो किंवा लपवतो. दोन्हीकडे तो सापडतो.

जुने व्हिडिओ ठेवले तर विसंगती दिसते. सहा वर्षं भजनं आणि अचानक काल रात्री इंग्रजीतून आयफोन वाटप. भाषा बदलली, चेहरा बदलला, विषय बदलला.

जुने व्हिडिओ लपवले तर भोक दिसतं. `Videos` या टॅबमध्ये वर `Latest`, `Popular`, `Oldest` असे पर्याय असतात. `Oldest` दाबा आणि सगळ्यात जुन्या व्हिडिओची तारीख बघा. मग ती `Joined` च्या तारखेशेजारी ठेवा. चॅनेल 2013 चं आणि सगळ्यात जुना व्हिडिओ मागच्या आठवड्यातला, तर मधली वर्षं कुठे गेली? आणि चार व्हिडिओंवर दोन लाख सबस्क्रायबर जमले कसे? `Shorts` आणि `Live` हे टॅबही उघडा, कारण काही चॅनेल्स फक्त तिथेच काम करतात आणि उगाच शंका यायला नको.

इथे एक मर्यादा सांगतो. भोक दिसलं म्हणजे चॅनेल चोरीचंच आहे असं नाही. कुणी 2013 मध्ये नुसतं कमेंट करायला चॅनेल काढतं आणि दहा वर्षांनी पहिला व्हिडिओ टाकतं. पण तसं असेल तर सबस्क्रायबरही कमी असतात. जुनं वय, मोठा आकडा आणि रिकामी पानं हे तिन्ही एकत्र आलं की मग धोका.

तिसरी खूण: टिक

नावापुढची करडी टिक. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

टिकसाठी अर्ज करायला एक लाख सबस्क्रायबर लागतात. मग यूट्यूब बघतं की हे चॅनेल ज्याचं म्हणतंय त्याचंच आहे का. म्हणजे टिक ओळख सांगते. गिव्हअवे प्रामाणिक आहे का, बक्षीस खरंच मिळणार का, याबद्दल ती काही बोलत नाही. उलट बाजूनेही बघा. आपल्या कोल्हापुरात वीस-तीस हजार सबस्क्रायबरची कितीतरी चांगली चॅनेल्स आहेत. त्यांना टिक नाही, कारण ती मिळण्याइतके सबस्क्रायबरच नाहीत. टिक नाही म्हणून ती खोटी ठरत नाहीत.

आता नियमातली एक बारीक गोष्ट, जी आपल्या फार उपयोगाची आहे. चॅनेलचं नाव बदललं की यूट्यूबच्या नियमाप्रमाणे टिक जाते. नव्या नावासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. नुसतं हँडल, म्हणजे `@` ने सुरू होणारं नाव, बदललं तर टिक राहते.

यातून काय निघतं? चोराने पळवलेल्या चॅनेलला मोठ्या कंपनीचं नाव दिलं की टिक गळून पडायला हवी. म्हणून जगभर माहीत असलेल्या कंपनीचं नाव, लाखोंनी सबस्क्रायबर, आणि तरीही टिक नाही, असं चित्र दिसलं तर थांबायचं. एवढ्या मोठ्या कंपनीने टिक घेतली नाही, हे पटण्यासारखं नाही.

पण याच्याही उलट लक्षात ठेवा. चोराने नाव तसंच ठेवलं आणि फक्त व्हिडिओ बदलले, तर टिक जागेवरच राहील. म्हणजे टिक असली तरी दुसरी खूण तपासायचीच.

आणि खोटी टिक ओळखा. काही जण नावातच टिकचा इमोजी टाकतात, काही प्रोफाइल फोटोच्या कोपऱ्यात टिक काढतात. खरी टिक फोटोत कधीच नसते. ती नावानंतर येते, करड्या रंगाची, आणि वर लाल-निळा असला झगमगाट नसतो. गाण्याच्या कलाकारांना टिकऐवजी संगीताचं चिन्ह मिळतं, तेही खरंच.

आता बहिणीचं चॅनेल उघडूया

फोन चालू ठेवून आम्ही दोघांनी ते चॅनेल एकत्र बघितलं. ओळीने सांगतो.

नाव एका मोठ्या मोबाइल कंपनीचं. टिक नाही. पहिली खटक इथेच.

हँडल बघ म्हटलं. तिने वाचलं आणि थांबली. हँडलमध्ये कुणाच्यातरी किचनचं नाव होतं आणि पुढे दोन आकडे. चोराने बोर्ड बदलला होता, पण मागच्या दाराची पाटी काढायची राहून गेली होती. नाव कितीही जणांचं सारखं असू शकतं, हँडल मात्र एकाचंच असतं. म्हणून दोन्ही जुळतात का ते बघायचं.

`Joined`: 2013. सबस्क्रायबर: दोन लाखांवर. व्हिडिओ: चार.

`Oldest` दाबलं. सगळ्यात जुना व्हिडिओ सहा दिवसांपूर्वीचा. चारही व्हिडिओंवर कमेंट बंद.

मग ते हँडल गूगलवर टाकलं. सर्चमध्ये जुने दुवे आले, त्यात आमटीची आणि वड्यांची रेसिपी होती. दुवे उघडत नव्हते, पण नावं दिसत होती. म्हणजे कुणीतरी बाई वर्षानुवर्षं स्वयंपाकाचे व्हिडिओ करत होती. तिचं घर लुटून, त्याच घराच्या दारात उभं राहून हे लोक माझ्या बहिणीला फोन विकत होते.

बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे 2013 हे त्या काकूंचं होतं."

बरोबर. वय खरं होतं, फक्त ते दुसऱ्याचं होतं.

2,499 वाचले. 999 गेले ते गेलेच. आम्ही लगेच 1930 वर फोन केला आणि `cybercrime.gov.in` वर तक्रारही नोंदवली, पण तोवर दोन दिवस उलटले होते. 1930 चा उपयोग पहिल्या काही तासांत जास्त होतो, कारण पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतो. म्हणून फसलोय असं वाटलं की घरच्यांच्या बोलण्याला घाबरून दोन दिवस घालवू नका. तिने नेमकं तेच केलं होतं.

तिन्ही खुणा पास झाल्या तर?

समजा नाव-हँडल जुळतंय, व्हिडिओ सलग आहेत, टिकही आहे. तरी दोन गोष्टी करा.

एक, उलट्या बाजूने या. कंपनीच्या किंवा त्या यूट्यूबरच्या वेबसाइटवर जा, इन्स्टाग्रामवर जा, आणि तिथून यूट्यूबचा दुवा दाबा. त्याच चॅनेलवर पोहोचलात का? गिव्हअवेची घोषणा तिथेही आहे का? चोराच्या हातात बहुतेक वेळा एकच चॅनेल लागलेलं असतं, सगळी दारं नाही.

दोन, पैसे. यूट्यूबचा स्वतःचा नियम आहे की त्यांच्या प्लॅटफॉर्मवरच्या स्पर्धेत भाग घ्यायला पैसे घेता येत नाहीत, आणि स्पर्धेचे नियम लिहून द्यावे लागतात. कुरिअर, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन, नाव काहीही असो, बक्षिसाच्या आधी पैसे मागितले की चॅनेल कितीही जुनं असू दे, तिथून निघायचं. आणि "पैसे मिळवायला यूपीआय पिन टाका" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही.

पळवलेलं चॅनेल दिसलं तर एक काम त्या काकूंसाठी करा. चॅनेलच्या पानावर वर कोपऱ्यात तीन ठिपके असतात, तिथून रिपोर्ट करा. आम्हीही केलं. चार दिवसांनी ते पान उघडेनासं झालं. काकूंना त्यांचं चॅनेल परत मिळालं का, ते बहीण अधूनमधून सर्च करून बघते.

तुम्हाला असं एखादं चॅनेल दिसलं असेल तर त्याचं वय, सगळ्यात जुना व्हिडिओ आणि टिक, या तीन गोष्टी लिहून आम्हाला पाठवा. पुढच्या वेळी त्यातलं एक उघडून बघू. चला, भेटू पुढच्या रविवारी!